उक्तं की हजेरीवर? दोन बाथरूमच्या कामाचा हिशेब

पुण्यातली चार मजली इमारत, बांधकाम १९८०च्या दशकातलं, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाच बाय सात फुटांची दोन बाथरूम पूर्ण तोडून नव्याने करायची होती. टाइल्स, नळ, कमोड हे सगळं घरमालक स्वतः आणणार होते. सिमेंट, वाळू, पाइप, वॉटरप्रूफिंगचं केमिकल आणि सगळी मजुरी ठेकेदाराकडे होती. ठेकेदार लहान आहे. एक गवंडी, एक टाइल्स मिस्त्री आणि दोन बिगारी त्याच्याकडे कायम असतात. प्लंबर आणि वायरमन लागतील तसे बोलावतो. त्याने हे काम २,४०,००० रुपयांना उक्तं घेतलं, म्हणजे सगळ्या कामाची एकच ठरीव रक्कम.

मी अशा छोट्या ठेकेदारांना अंदाजपत्रकं करून देतो आणि काम संपल्यावर त्यांच्या वह्या तपासतो. हे प्रकरण निवडलं, कारण याच ठेकेदाराने काही महिन्यांनी शेजारच्या, त्याच वयाच्या इमारतीत जवळजवळ हेच काम वेगळ्या पद्धतीने घेतलं आणि दोन्ही वह्या माझ्यासमोर आहेत. आकडे गोल केले आहेत.

पहिल्या कामाचा त्याचा हिशेब असा होता: तोडफोड आणि राडारोडा २८,०००, पाइपसकट प्लंबिंग ४८,०००, भराव आणि वॉटरप्रूफिंग ४२,०००, प्लास्टर आणि टाइल्स बसवणं ६२,०००, वायरिंग आणि किरकोळ १८,०००. बेरीज १,९८,०००. वर उरणारे ४२,००० त्याचे. काम २४ दिवसांत होईल असं त्याने धरलं होतं.

या ४२,००० रुपयांकडे जरा थांबून बघायला हवं. ठेकेदार त्याला नफा म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत. रोज साइटवर जाऊन देखरेख करायची त्याची स्वतःची मजुरी त्यात आहे. धंद्याचा नफा आहे. आणि अंदाज चुकला तर तो भरून काढायची तरतूदही त्यातच आहे. रोजचे हजार रुपये जरी त्याने स्वतःची मजुरी म्हणून धरले, तरी २४ दिवसांत २४,००० जातात आणि उरलेल्या १८,००० मध्ये नफाही बसवायचा आणि जोखीमही. जोखमीसाठी वेगळा आकडा कागदावर कधी येतच नाही, त्यामुळे ती किती घेतली हे ठेकेदारालाही काम संपेपर्यंत कळत नाही.

तोडफोड सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी खरा प्रकार दिसला. वरची फरशी काढली तर खाली जुनी फरशी, तिच्याखाली आणखी एक. आधीच्या दोन दुरुस्त्यांमध्ये जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवीन बसवली होती. त्याखाली बाथरूमसाठी खोलगट ठेवलेल्या संकन स्लॅबमध्ये सुमारे फूटभर विटांच्या तुकड्यांचा कोबा, तोही सिमेंटमध्ये घट्ट बसलेला. ब्रेकर लावून फोडायला आणि गोण्या भरून तीन जिने उतरवायला बिगाऱ्यांच्या १६ हजेऱ्या जास्त लागल्या. ८०० रुपयांनी त्याचे १२,८०० झाले. टेम्पोच्या दोन फेऱ्या वाढल्या, त्याचे ७,०००.

मग कोपऱ्यातला बिडाचा उभा पाइप उघडा पडला. वरच्या मजल्याचं सांडपाणी त्यातूनच उतरत होतं आणि त्याचा जोड गंजून ओला झाला होता. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार अशी सामाईक सांडपाण्याची लाइन सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. सभासदाच्या स्वतःच्या बाथरूममधून होणारी आतली गळती ही सभासदाची जबाबदारी. म्हणजे पाइप ठेकेदाराचाही नाही आणि घरमालकांचाही नाही. पण तो बदलल्याशिवाय पुढचं वॉटरप्रूफिंग करण्यात अर्थ नव्हता. कमिटीची परवानगी, मग त्यांच्या प्लंबरची वाट, यात पाच दिवस गेले. ठेकेदाराने गवंडी आणि बिगारी दोन दिवस बसवून ठेवले, त्याचे ३,६०० गेले. मग त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवलं. मधल्या काळात टाइल्स मिस्त्री दुसरीकडे अडकला आणि आठवड्यानंतर परत आला.

तिसरी गोष्ट भिंतींची. जुन्या टाइल्स निघाल्यावर ओळंबा लावला, तर दोन भिंती वरून खालपर्यंत ३५ मिमीच्या आसपास बाहेर. टाइल चिकटवायच्या ॲडहेसिव्हचा थर साधारण ३ ते ६ मिमीचा असतो, फार तर १०-१२ मिमीपर्यंत ताणता येतो. एवढा बाक ॲडहेसिव्हने भरून निघत नाही. जाळी मारून प्लास्टरचे दोन-तीन थर द्यावे लागतात, प्रत्येक थर धरल्यावरच पुढचा, आणि शेवटी पाणी मारून पिकवायला दिवस द्यावे लागतात. त्याचे १२,००० वाढले आणि वेळापत्रक आणखी पुढे गेलं.

चौथा खर्च मात्र भिंतीआड दडलेला नव्हता. ठेकेदाराने दर काढताना साध्या एक बाय दीड फुटाच्या टाइल्स गृहीत धरल्या होत्या, पण कागदावर लिहिलं होतं फक्त ‘टाइल्स बसवणे’. घरमालकांनी दुकानात जाऊन दोन बाय चार फुटांच्या टाइल्स पसंत केल्या. त्यांच्या मते क्षेत्रफळ तेवढंच, मग पैसे का वाढावेत? वास्तवात मोठी टाइल सिमेंटच्या गोळ्यावर बसवून चालत नाही, पूर्ण पाठीला ॲडहेसिव्ह लावावं लागतं, दोन माणसं लागतात, कोपरे ४५ अंशांत घासावे लागतात. चौरस फुटाला सुमारे ५० रुपये जास्त, आणि भिंती जवळजवळ ३०० चौरस फूट. १५,०००.

चारही मिळून ५०,४००. ठेकेदाराकडे होते ४२,०००. म्हणजे ४१ दिवस काम करून, स्वतःची मजुरी शून्य धरून, त्याने पदरचे ८,४०० घातले.

तोडफोडीचे जादा पैसे त्याने मागितले. उत्तर मिळालं, ‘तुम्ही बघून गेला होतात ना?’ घरमालकांच्या बाजूने हे उत्तर चुकीचं नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० मध्ये अशी तरतूद आहे की फुकट करायचा हेतू नसताना कुणी दुसऱ्यासाठी काम केलं आणि त्याने त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. ठेकेदार मंडळींना याचा मोठा आधार वाटतो. पण जे काम मूळ करारातच येतं, त्याला हे कलम लागू होत नाही. ‘जुनी फरशी काढून नवीन बसवणे, एकूण रक्कम इतकी’ असं लिहून दिलं की फरशी एक निघो वा तीन, ते काम करारातलंच. सोसायटीमुळे गेलेल्या दिवसांबद्दलही कागदात काही नव्हतं.

मला या कामात पैशांपेक्षा जास्त काळजी वॉटरप्रूफिंगची वाटते. खिशातून पैसे जायला लागले की ठेकेदार साहजिकच वाचवायच्या जागा शोधतो. टाइलचा सांधा, नळ, आरसा दिसतात, तिथे काटकसर करता येत नाही. कोटिंगचा दुसरा हात, कोपऱ्यातली गोलाई, पाइपभोवतीचं ग्राउट हे सगळं झाकलं जातं, आणि काटकसर तिथेच होते. कोटिंगनंतर पाणी भरून निदान ४८ तास ठेवायचं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का ते बघायचं, ही चाचणी उशीर झालेल्या उक्त्या कामात पहिली कापली जाते. या ठेकेदाराने ती कापली नाही, हे वहीतल्या तारखांवरून आणि खालच्या घरातून काढलेल्या फोटोंवरून दिसतं. पण उक्त्या दरात तोटा सुरू झाला की चाचणी टिकते ती एकट्या ठेकेदाराच्या सचोटीवर. घरमालकाला हे माहीत असायला हवं. स्वस्तात पाडून घेतलेला उक्ता दर बऱ्याचदा याच थरांतून वसूल होतो आणि त्याची ओल दोन पावसाळ्यांनी खालच्या घरात उमटते.

आता हेच काम हजेरी आणि मालाच्या बिलावर, म्हणजे लागेल तेवढी रोजंदारी, माल आणि वर देखरेखीचे पैसे या हिशेबाने घेतलं असतं तर? प्रत्यक्ष खर्च २,४८,४००. त्यावर देखरेखीचे १५ टक्के, ३७,२६०. घरमालकांचं बिल २,८५,६६० झालं असतं, म्हणजे मूळ आकड्यापेक्षा ४५,००० हून जास्त. ठेकेदार वाचला असता. पण हा आकडा आधी कुणालाच सांगता आला नसता, आणि महिन्याचं गणित बांधलेल्या घराला ‘होईल ते होईल’ हे ऐकवणं कठीण आहे.

शिवाय हजेरीच्या कामाची स्वतःची दुखणी आहेत. पहिलं, टक्केवारी. खर्च वाढेल तसं ठेकेदाराचं मानधन वाढतं, म्हणून प्रामाणिक ठेकेदाराकडेही संशयाने बघितलं जातं. दुसरं, चुकीचं काम. मिस्त्रीने बसवलेल्या टाइलवर नाण्याने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला आणि ती काढून पुन्हा बसवली, तर त्या दिवसाची हजेरी कुणाची? हे आधी लिहिलं नाही तर घरमालक चुकीचेही पैसे देतो. तिसरं, दुकानदार देतो ती सूट. हार्डवेअरवाला ठेकेदाराला बिलावर किंवा बिलामागे काही टक्के सोडतो. ‘माल प्रत्यक्ष दराने’ असं ठरलं असेल तर ती सूट घरमालकाची आहे, आणि हे स्पष्ट न बोलणारा ठेकेदार पुढे कुठेतरी पकडला जातोच. चौथं, घरातली रोजची हजेरी-मोजणी. मिस्त्री चहाला किती वेळ गेला, बिगारी साडेदहाला का आला, यावर आजोबा लक्ष ठेवून बसतात आणि कामगार दुसऱ्या साइटची वाट बघायला लागतात. हे सगळं सांभाळायला ठेकेदाराचा जो वेळ जातो, तो कुठल्याच बिलात नसतो.

कराचीही एक बाजू आहे. बाथरूमचं असं माल-मजुरीसह काम जीएसटीत ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ ठरतं आणि त्यावर १८ टक्के कर आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. पण त्या २० लाखांत मालाची किंमतही मोजली जाते. उक्त्या दरात टाइल्स आणि नळही घेतले तर पाच-सहा कामांतच ही मर्यादा गाठली जाते, मजुरीची कमाई तेवढीच राहून. हजेरीच्या कामातही ठेकेदाराने माल स्वतःच्या नावाच्या बिलावर घेऊन पैसे वसूल केले, तर ते त्याच्या उलाढालीत धरले जाण्याची शक्यता असते. म्हणून महागडा माल घरमालकाने स्वतःच्या नावे घेणं दोघांनाही सोयीचं. यापुढचं गणित ज्याच्या त्याच्या करसल्लागाराने बघावं.

दुसरं काम आलं ते ओळखीतून. निवृत्त जोडपं, पुन्हा दोन बाथरूम. या वेळी आम्ही किमतीचे तुकडे पाडले. पाडण्याची जागा ठरवली ती अशी: भिंत आणि फरशी फोडेपर्यंत काय निघेल कुणालाच माहीत नाही, आणि फोडल्यावर जवळजवळ सगळं मोजता येतं. म्हणून फोडण्याचं काम हजेरीवर, कमाल मर्यादा ५०,०००. देखरेखीचे टक्केवारीऐवजी ठरीव ६,०००, म्हणजे खर्च वाढवण्यात ठेकेदाराचा काही फायदा उरत नाही. खर्च ४०,००० ला पोचला की काम थांबवून फोन करायचा. फोडून झाल्यावर दोघांनी मिळून माप घ्यायचं आणि उरलेल्या कामाचा उक्ता आकडा द्यायचा.

त्या घरच्या काकांनी कागद वाचून ठेकेदाराला लगेच विचारलं, ‘‘अरे, म्हणजे कोऱ्या कागदावर सही मागतोयस की! बाथरूम फोडून ठेवल्यावर तू सांगशील तो आकडा मला मान्य करावाच लागणार.’’

हा आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि दोन टप्प्यांच्या किमतीतली खरी अडचण तीच. फोडलेल्या बाथरूमच्या मालकाला घासाघीस करता येत नाही. दुसरा ठेकेदार अर्धवट काम हातात घ्यायला तयार होत नाही, झाला तर चढा दर लावतो. म्हणून फोडण्याआधीच दरांची यादी सही करून दिली. भरावाचा घनफुटाला दर, वॉटरप्रूफिंगचा चौरस फुटाला, पाइपचा पॉइंटमागे, टाइल बसवण्याचे आकारानुसार दोन दर, आणि २० मिमीपेक्षा जाड प्लास्टरच्या प्रत्येक जादा थराला चौरस फुटाला ३२ रुपये. फोडल्यावर बदलणार ते फक्त माप, दर नाही. माप दोघांच्या समोर टेपने घेतलं जाणार. ‘‘काका, दराचं मी बांधून देतो. आत काय आहे त्याचं मला नाही बांधता येणार,’’ असं ठेकेदार म्हणाला आणि काकांना ते पटलं.

माझ्या मते या धंद्यातला उक्तं-हजेरीचा वाद इथे सुटतो. मिस्त्री किती वेगाने काम करेल, सिमेंट किती वाया जाईल, यावर ठेकेदाराचा ताबा आहे, म्हणून दराची जोखीम त्याने घ्यावी. १९८०च्या दशकात कुणी किती कोबा ओतला, त्यावर त्याचा काडीचाही ताबा नाही. ती मापाची जोखीम घराची आहे, आणि घरमालकानेच ती उचलावी, पण दर बांधलेला असताना.

फोडण्याचा प्रत्यक्ष खर्च ३५,२०० झाला, देखरेख धरून ४१,२००. इथेही कोबा जाड निघाला, एक भिंत ओळंब्यात नव्हती. माप घेऊन उरलेल्या कामाचा उक्ता आकडा २,२०,००० ठरला. ठेकेदाराने त्यात खर्च १,८२,००० धरला होता. जादा कामाचा नियम असा होता की व्हॉट्सॲपवर एक ओळ, तीत काम, रक्कम आणि वाढणारे दिवस, आणि काकांचं ‘ठीक’ आल्याशिवाय हात लावायचा नाही. अशी दोनच कामं निघाली, गिझरची वेगळी लाइन आणि खिडकीला ग्रॅनाइटची पट्टी, मिळून ९,५००. सोसायटीच्या पाइपसाठीही एक ओळ होती: सामाईक लाइनमुळे काम थांबलं तर पहिल्या दोन दिवसांनंतर मुदत तेवढी वाढेल आणि कामगार हलवायची मुभा राहील. ती वापरावी लागली नाही.

पैशांचे टप्पे कामाला बांधले होते. फोडण्याचं बिल दर शनिवारी, कारण त्याच दिवशी कामगारांना खर्ची द्यायची असते. उक्त्या भागात माल आणायला उचल, मग पाणी भरून ठेवायची चाचणी पार पडल्यावर मोठा हप्ता, टाइल्स झाल्यावर पुढचा, आणि दहा टक्के वापर सुरू झाल्यावर महिन्याने. चाचणीला हप्ता जोडल्याने ती टाळण्यात ठेकेदाराचंच नुकसान होतं. हा बदल मी आता प्रत्येक अंदाजपत्रकात घालतो, पद्धत कुठलीही असो.

घरमालकांचं एकूण बिल २,७०,७०० झालं. उक्त्या भागात एका भिंतीच्या टाइल्स पोकळ निघाल्या, त्या पुन्हा बसवण्यात ठेकेदाराचे ४,००० गेले. ते त्याचेच होते आणि त्याने ते मागितले नाहीत. सगळं वजा जाता २७ दिवसांत त्याच्या हातात सुमारे ४१,५०० राहिले.

दोन कामांची तुलना करताना एक गोष्ट झाकू नये. दुसऱ्यांदा ठेकेदाराला अशा इमारतीत काय निघतं याचा अनुभव होता आणि पाइपचा खोळंबा झाला नाही. त्यामुळे सगळा फरक करारपद्धतीचा नाही. त्यातले ३०,००० हून जास्त मात्र करारपद्धतीचेच आहेत, कारण जाड कोबा आणि वाकडी भिंत दोन्हीकडे निघाली आणि पैसे एकाच ठिकाणी मिळाले.

ही विभागणी सगळीकडे करू नये. रंगकाम, फॉल्स सीलिंग, कपाटं, स्वयंपाकघरातली मॉड्युलर ट्रॉली हे सगळं समोर दिसतं, टेपने मोजता येतं. तिथे सरळ उक्ता दर द्यावा आणि ग्राहकाला निश्चिंत करावं. गळती शोधायचं काम याच्या उलट. ओल कुठून येते हेच माहीत नसताना उक्ता आकडा देणारा एकतर दुप्पट लावतो किंवा वरवरचं कोटिंग मारून जातो, म्हणून ते हजेरीवरच, दिवसांची मर्यादा घालून. आणि ज्या फ्लॅटमध्ये माणसं राहतात आणि दुसरं बाथरूम नाही, तिथे फोडून झाल्यावर आकड्याची चर्चा करायला दोन दिवसही मिळत नाहीत. अशा ठिकाणी आधी एका कोपऱ्यात दीड फुटाचा खड्डा घेऊन कोबा आणि फरशीचे थर बघावेत, दोन टाइल्स काढून ओळंबा लावावा, आणि मगच उक्ता दर द्यावा. एका दिवसाचं हे काम आहे. त्याचे दोन-अडीच हजार रुपये वेगळे मागायला ठेकेदारांनी संकोचू नये.

या ठेकेदारापुढचा प्रश्न आता वेगळा आहे. ग्राहक तीन कोटेशनं मागवतात आणि शेवटची ओळ बघतात. दोन टप्प्यांचं कोटेशन तिथे महाग आणि गुंतागुंतीचं दिसतं, काही कामं त्यामुळे गेलीही. त्यावर त्याने एक मार्ग काढला आहे. तो एकूण आकडा देतो, पण त्याच्या वरच्या चार ओळींत गृहीतकं लिहितो: फरशीचा थर एक, कोब्याची जाडी नऊ इंचांपर्यंत, भिंत ओळंब्यापासून २० मिमीपर्यंत, टाइल दोन बाय दोनपर्यंत. यापेक्षा जास्त निघालं तर खालच्या दरांनी. मग ग्राहकाला सांगतो, ‘‘बाकीच्या दोघांना या चार ओळी विचारून बघा.’’